वाक्यातून हरवलेला कर्ता

इतिहासाच्या उत्तरपत्रिकांत आम्हांस अशा घडणीचे वाक्य वरचेवर आढळते: 'महाडला जाऊन चवदार तळे समतेचे प्रतीक बनले.' विद्यार्थ्यास घटना ठाऊक आहे. परंतु त्याचे वाक्य सांगते की, तळेच महाडला गेले!

'जाऊन', 'घेऊन' या रूपांना सहसा स्वतंत्र कर्ता नसतो. मुख्य क्रियापदाचा कर्ता तोच त्यांचाही कर्ता ठरतो. येथे 'बनले' या क्रियापदाचा कर्ता तळे आहे. म्हणून प्रवासही तळ्याच्याच माथी येतो.

अशा वाक्याखाली नुसती लाल रेघ ओढणे आम्हांस अपुरे वाटते. विद्यार्थ्यास विचारावे, 'महाडला कोण गेले?' त्याचे उत्तर वाक्यात आले की दोष आपोआप निघतो: '२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी पाणी प्राशन केल्यामुळे महाडचे चवदार तळे समतेचे प्रतीक बनले.' 'केल्यामुळे' या रूपास स्वतःचा कर्ता घेता येतो, म्हणून दोन्ही क्रियांचे कर्ते आपापल्या जागी राहतात.

मात्र 'पाऊस पडून चिखल झाला' हे वाक्य खोडू नये. तेथे कर्ते दोन असले, तरी पहिला स्पष्ट सांगितलेला आहे.

व्याकरणाचा हा दोष इतिहासात अधिक बोचतो. ज्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यापायी मार खाल्ला, ती माणसेच अशा वाक्यातून नाहीशी होतात आणि मागे केवळ तळे उरते.