विश्लेषण : समाज वृद्ध होतो तेव्हा जुनी पेन्शन का अडखळते?

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लाखो सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले होते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी योजना मिळत नाही, हे त्यामागचे कारण. संप मिटला, वाद मिटला नाही. तो केवळ कर्मचारी विरुद्ध सरकार असा नसून, म्हातारपणाचे पैसे कोणी आणि केव्हा द्यायचे, असा आहे.

दोन पद्धतींत नेमका फरक काय?

जुन्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापले जात नाही आणि त्याच्या नावे कुठे निधीही साठत नाही. निवृत्तीनंतर शेवटच्या वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाईवाढ दरमहा मिळते. ती त्या वर्षीच्या करांतून दिली जाते. म्हणजे आज कमावणारे आजच्या निवृत्तांना पोसतात आणि उद्या आपल्याला पुढची पिढी पोसेल, या भरवशावर राहतात. ‘पे ॲज यू गो’ म्हणतात ती हीच पद्धत. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, कर्मचारी १० टक्के आणि सरकार १४ टक्के रक्कम दरमहा त्याच्या खात्यात भरते. ती रोखे आणि शेअर बाजारात गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी जे साठले असेल त्यातून पेन्शन मिळते.

पहिली पद्धत सुरुवातीला इतकी स्वस्त का वाटते?

कारण सुरुवातीला देणारे खूप आणि घेणारे थोडे असतात. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी योजनेतील पहिल्या मासिक पेन्शनधारक आयडा मे फुलर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांनी तीन वर्षांत एकूण २४.७५ डॉलर भरले. जानेवारी १९४० मध्ये त्यांना २२.५४ डॉलरचा पहिला धनादेश मिळाला. त्या शंभर वर्षे जगल्या आणि एकूण २२,८८८.९२ डॉलर घेऊन गेल्या. हे पैसे त्यांच्या गुंतवणुकीचे नव्हते, नंतर नोकरीला लागलेल्यांच्या वेतनातून आलेले होते. तेव्हा वेतनावरील वर्गणी कामगार आणि मालक मिळून २ टक्के होती. आज ती १२.४ टक्के आहे. १९६० मध्ये एका लाभार्थ्यामागे सुमारे पाच कमावते होते, आता तिघेही उरलेले नाहीत.

वय वाढले की हिशेब कुठे बिघडतो?

समजा, पेन्शन सरासरी वेतनाच्या निम्मी आहे आणि एका निवृत्तामागे पाच जण कमावतात. मग प्रत्येकाला वेतनाच्या १० टक्के द्यावे लागतील. कमावते अडीच उरले, तर तीच पेन्शन देण्यासाठी २० टक्के लागतील. दोघेच उरले, तर २५ टक्के. कोणी भ्रष्टाचार केला नाही, कोणाची पेन्शन वाढली नाही, तरीही बोजा अडीचपट झाला.

यातून सुटायला तीनच वाटा आहेत. वर्गणी किंवा कर वाढवा, पेन्शन कमी करा किंवा निवृत्तीचे वय पुढे न्या. तिसऱ्या वाटेने कमावते वाढतात आणि घेणारे कमी होतात, म्हणून बहुतेक देश तिच्याकडे वळतात. अमेरिकेने १९८३ मध्ये पूर्ण पेन्शनचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचा निर्णय घेतला.

‘अर्थव्यवस्था वाढली की पेन्शन सहज परवडेल’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. वेतने वाढली आणि पेन्शन फक्त महागाईइतकी वाढली, तर बोजा खरोखर हलका होतो. आपल्या जुन्या योजनेत मात्र महागाईवाढीखेरीज प्रत्येक वेतन आयोगाबरोबर जुन्या निवृत्तांची पेन्शनही नव्याने ठरते. केंद्राच्या निवृत्तांना ८० व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात आणि हे प्रमाण वाढत जाऊन शंभराव्या वर्षी पेन्शन दुप्पट होते. दीर्घायुष्याचा खर्च असा दुहेरी वाढतो.

आपला देश तर तरुण आहे ना?

आज आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. आज जन्मणारी छोटी पिढी २०५० च्या सुमारास ऐन कमाईच्या वयात असेल. त्या वेळी निवृत्त असणारी पिढी तिच्यापेक्षा मोठी असेल.

इथेच जुन्या योजनेचा राजकीय मोह लपला आहे. २००५ च्या अखेरीस पंचविसाव्या वर्षी राज्य सेवेत लागलेला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये, निवृत्त होईल. त्याला आज जुनी योजना दिली, तर सरकारचा दरमहाचा १४ टक्के हिस्सा लगेच वाचतो आणि पेन्शनचे बिल येते त्या वेळी सत्तेवर असणाऱ्यांकडे. २०२२-२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश जुन्या योजनेकडे वळले, तेव्हा हा तात्पुरता दिलासाही हाताशी होता.

मग निधी साठवणे हाच उपाय?

त्याने बिल लपत नाही, हा मोठा गुण. पण जोखीम नाहीशी होत नाही, ती कर्मचाऱ्याच्या खांद्यावर येते. समजा, निवृत्तीच्या वेळी १ कोटी रुपये साठले. एनपीएसमध्ये सरकारी कर्मचाऱ्याला त्यातील किमान ४० टक्के, म्हणजे ४० लाख, गुंतवून विमा कंपनीकडून आजीवन पेन्शन घ्यावी लागते. दर ६ टक्के असेल तर महिन्याला २० हजार रुपये मिळतील, ५ टक्के असेल तर साधारण १६,७००. माणसे जास्त जगू लागली की कंपन्या हा दर कमीच ठेवणार. शिवाय ही रक्कम सहसा महागाईबरोबर वाढत नाही. कर्मचाऱ्यांचा राग निराधार नाही, तो इथून येतो.

बदलाच्या काळाचीही किंमत असते. चिलीने १९८१ मध्ये वैयक्तिक खात्यांची पद्धत आणली, तेव्हा नव्यांची वर्गणी त्यांच्या खात्यात जाऊ लागली आणि जुन्यांची पेन्शन अनेक दशके सरकारी तिजोरीतून द्यावी लागली. महाराष्ट्रही आज २००५ पूर्वीच्यांची पेन्शन आणि नंतरच्यांचा १४ टक्के हिस्सा, असे दोन्ही देत आहे.

मधला मार्ग कितपत टिकेल?

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय दिला. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. यात कर्मचारी १० टक्के आणि केंद्र सरकार १८.५ टक्के भरते. २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि महागाईवाढ यांची हमी आहे. निधी साठतो, पण तो अपुरा पडला तर तूट करदाता भरणार.

ही विभागणी न्याय्य ठरू शकते, पण एका अटीवर. निधी हमीला पुरेल का, याचे गणित ठरावीक काळाने जाहीर झाले पाहिजे आणि कमी पडत असेल तर वर्गणी किंवा निवृत्तीचे वय त्याच वेळी बदलले पाहिजे. ते टाळले, तर हमी नावाला नवी आणि स्वभावाने जुनीच ठरेल. तिचे पैसे भरणारे आज शाळेत आहेत, आणि त्यांना मत नाही.