उत्तर कशाचे : शब्दांचे की प्रश्नाचे?

नोव्हेंबर महिना म्हणजे खामगावच्या कापूस बाजाराचा ऐन हंगाम. एका बँकेच्या तेथील शाखेत सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास शाखाधिकाऱ्यांच्या संगणकावर बुलढाण्याहून एक ई-मेल येऊन पडला. पाठविणारे गृहस्थ त्याच बँकेच्या कर्ज विभागातील सहकारी, सेवेत दोन वर्षांनी कनिष्ठ. मजकूर थोडका, पण बोचरा होता. ‘आपल्या शाखेतील जिनिंग व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्यात मर्यादेपेक्षा १२ लाख रुपये अधिक उचलले गेले आहेत. शाखेचे लक्ष नसल्याचे हे द्योतक आहे. पुढील उचल थांबवून खुलासा करावा.’ खाली प्रत म्हणून प्रादेशिक व्यवस्थापकांचे नाव होते.

त्या खात्याची स्थिती शाखाधिकाऱ्यांना तोंडपाठ होती. मंजूर मर्यादा ५० लाखांची असली, तरी प्रत्यक्ष उचल किती करता येईल हे दर महिन्याच्या मालसाठ्याच्या विवरणपत्रावरून ठरते, हे व्यापारी वाचकांना ठाऊकच आहे. माल ८० लाखांचा, त्यातून उधारीची देणी २० लाख वजा जाता उरले ६० लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन सोडले की ४५ लाखांपर्यंत उचल करता येते. खात्यावर येणे होते ४२ लाख. मग १२ लाखांचे हे भूत आले कोठून?

शाखाधिकाऱ्यांनी तत्काळ उत्तर टंकण्यास घेतले. वीसेक वाक्ये झाली. ‘विवरणपत्र ७ तारखेसच पाठविले आहे, आपण ते वाचण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत’, ‘टेबलामागे बसून शाखेचे काम कळत नसते’, ‘आम्ही या क्षेत्रात आलो तेव्हा…’ अशी ती वाक्ये होती. बोट ‘सेंड’च्या बटणावर जाण्यापूर्वी त्यांना आपल्या पहिल्या साहेबांची आठवण झाली.

त्या काळी पत्र सायंकाळी तोंडी सांगितले जाई, लघुलेखक ते लिहून घेई आणि टंकलिखित प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी सहीसाठी पुढे येई. सहीनंतर जावक नोंदवहीत क्रमांक पडे, आणि मगच पाकीट टपालात जाई. रागाच्या पत्राला एक रात्र आपोआप मिळे. साहेब सकाळी स्वतःचेच पत्र वाचून कित्येकदा हसत आणि नवे सांगत. संगणकाने ती रात्र काढून घेतली आहे. ती आता ज्याची त्याने निर्माण करावी लागते.

शाखाधिकाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या. संतापाचा संपूर्ण मजकूर त्यांनी ई-मेलमधून काढून एका वेगळ्या कोऱ्या फाईलमध्ये ठेवला, कारण ‘रिप्लाय’ दाबले की पत्ता आपोआप भरलेला असतो आणि मग एका चुकीच्या स्पर्शाचाही भरवसा राहत नाही. मग त्यांनी एक ओळ मात्र लगेच पाठविली: ‘आपले पत्र मिळाले. नोंदी तपासून उद्या सकाळी ११ पर्यंत उत्तर देतो.’ ही ओळ महत्त्वाची होती. नुसते मौन पाळले असते, तर समोरच्याने त्याचा अर्थ कबुली असा लावला असता. आणि वेळ दिली नसती, तर थांबणे म्हणजे टाळणे झाले असते. शिवाय त्या व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी शेतकऱ्यांचे कापसाचे पैसे चुकते करावयाचे होते. त्याची उचल थांबली असती, तर या दोघांच्या मानापमानाची किंमत त्याच्या पतीने मोजली असती.

सकाळी पावणेदहाला शाखाधिकारी पेन्सिल घेऊन कालचा मसुदा वाचावयास बसले. जे वाक्य खात्याविषयी होते त्याखाली रेघ ओढली, जे माणसाविषयी होते ते तसेच सोडले. वीस वाक्यांत रेघा पडल्या चारच. १२ लाख कोठून आले, या एकमेव प्रश्नाचे उत्तर मात्र त्या चारांतही नव्हते.

मग त्यांनी त्या चारांपैकी प्रत्येक विधानाला पुरावा जोडण्याचे ठरविले. ‘विवरणपत्र ७ तारखेस पाठविले’ हे खरे होते. पाठविलेली फाईल उघडली आणि ते क्षणभर स्तब्ध झाले. विवरणपत्र कागदाच्या दोन्ही बाजूंनी भरलेले होते. शाखेत स्कॅन झाली होती केवळ पुढची बाजू. पुढे कारखान्यातील ६० लाखांचा माल आणि उधारीची देणी होती, मागे भाड्याच्या गोदामातील २० लाखांच्या रुईच्या गाठी. सहकाऱ्याने ६० लाखांतून २० लाख वजा केले, मार्जिन सोडले आणि ३० लाख धरले. ४२ उणे ३० म्हणजे १२. त्याचे गणित बिनचूक होते. ‘आपण वाचलेले दिसत नाही’ हे वाक्य काल प्रादेशिक व्यवस्थापकांपर्यंत गेले असते, तर शाखेच्या निष्काळजीपणाचा पुरावा शाखेनेच सहीनिशी पाठविला असता.

नवे उत्तर साडेदहाला गेले: ‘७ तारखेस पाठविलेल्या विवरणपत्राची मागील बाजू आमच्याकडून स्कॅन करावयाची राहिली. ती सोबत जोडली आहे. भाड्याच्या गोदामातील २० लाखांचा माल धरता उचल ४५ लाखांपर्यंत करता येते आणि येणे ४२ लाख आहे. कृपया उचलीवरील स्थगिती आज दुपारी १२ पूर्वी उठवावी, ही विनंती.’ पाऊण तासात स्थगिती उठली.

एक गोष्ट मात्र उरली होती. आधी दूरध्वनीवर न विचारता वरिष्ठांना प्रत पाठविणे हे शाखाधिकाऱ्यांना खटकले होते, आणि ते खटकणे रास्त होते. पुनर्लेखन म्हणजे रास्त तक्रार गिळणे नव्हे. पण ती खात्याच्या उत्तरात मिसळली असती, तर दोन्ही गोष्टी बिघडल्या असत्या. म्हणून दुपारी त्यांनी दूरध्वनी केला: ‘साहेब, चूक आमचीच होती, पण असे काही दिसले तर आधी एक फोन करत जा, पाच मिनिटांत उलगडा होईल.’ पलीकडून ‘बरोबर आहे सर’ एवढेच उत्तर आले, आणि ते पुरेसे होते.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १४ जुलै १८६३ रोजी असेच एक पत्र लिहिले होते. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही सेनापती मीड यांनी शत्रूसैन्याला पोटोमॅक नदीपार निसटू दिले, याचा तीव्र विषाद त्यात होता. त्यांनी ते पाठविले नाही, सहीही केली नाही. पाकिटावर तशी नोंद करून ठेवून दिले. परंतु लिंकन यांना जे शक्य होते ते शाखाधिकाऱ्यांना नव्हते. खुलासा मागितला असता पत्र दडवून चालत नाही. थांबून ते पुन्हा लिहावेच लागते.

पुन्हा लिहिलेल्या पत्रातही राग लपून राहू शकतो. ‘आपणांस ठाऊकच असेल’, ‘पुनश्च निदर्शनास आणण्यात येते की’ अशा सभ्य शब्दांच्या पदराआड तो बसतो. शाखाधिकाऱ्यांनी नवा मसुदा पाठविण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचला होता. त्या सहकाऱ्याच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून जे वाक्य उच्चारता आले नसते, असे एक त्यात सापडले. तेवढे खोडले, आणि मगच पत्र गेले.