‘राऊटर रिस्टार्ट करा’ हे उत्तर नव्हे

फायबरचं कनेक्शन घेतलं, वायफाय दिसतंय, पण नेट नाही. कस्टमर केअरला फोन केला की ठरलेला मंत्र: “सर, राऊटर बंद करून चालू करा.” माझं म्हणणं असं की बऱ्याचदा काही बिघडलेलंच नसतं. लॉगिनच केलेलं नसतं, आणि ते लॉगिन कंपनीने आपल्याला दिलेलं नसतं!

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचंच उदाहरण घ्या. नवीन राऊटर आणला, जुन्याची वायर त्यात लावली आणि तीन दिवस नेट नाही. फायबरच्या डब्यावर PON हिरवा आणि स्थिर, LOS बंद. म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचतोय, केबल शाबूत आहे. LOS लाल असता तर गोष्ट वेगळी, तिथे माणूसच यायला हवा.

मग ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता (त्यांचा 192.168.0.1 होता, तुमचा राऊटरखालच्या स्टिकरवर असतो) उघडून WAN चं पान बघितलं. IP 0.0.0.0, आणि प्रकार Dynamic IP. पण त्यांच्या कंपनीला लागतं PPPoE. म्हणजे राऊटरने आधी युजरनेम-पासवर्ड सांगायचा, कंपनीच्या सर्व्हरने तपासायचा, मगच IP मिळणार. रस्ता गेटपर्यंत आहे हो, पण वॉचमनच्या वहीत नाव नको का? दहा वेळा रिस्टार्ट करून नाव कसं लिहिलं जाईल?

फोनवर नेटाने मागितल्यावर युजरनेम-पासवर्ड मिळाला. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, हे लक्षात ठेवा. PPPoE निवडलं, दोन्ही भरलं, सेव्ह केलं. अर्ध्या मिनिटात IP आला.

नाहीच आला, तर राऊटर काय म्हणतो ते वाचा. ‘ऑथेंटिकेशन फेल’ म्हणत असेल तर सर्व्हर भेटलाय, पण पासवर्ड चुकलाय किंवा कंपनीने खातं जुन्या राऊटरच्या मॅक पत्त्याला बांधलंय; तो बदलून मागा. सर्व्हरकडून उत्तरच येत नसेल, तर बहुधा व्हीलॅन नंबर भरायचा राहिलाय. तोही कंपनीच सांगू शकते. आणि डब्यातूनच आधी लॉगिन होत असेल, तर राऊटरमध्ये पुन्हा करायचं नाही.

यावर कंपनीवाले म्हणतात, ग्राहक सेटिंग बिघडवतील. अहो, रीसेटचं बटण तर तुम्हीच मागे ठेवलंय! ते दाबलं की ही माहिती पुसली जाऊ शकते. मग काकूंनी कुणाची वाट बघायची? जोडणीच्या दिवशी एका कागदावर युजरनेम, पासवर्ड आणि असलाच तर व्हीलॅन नंबर लिहून द्यायला काय जातं? पैसे आपण भरतो, मग किल्ली त्यांच्या माणसाच्या खिशात का?

तेव्हा पुढच्या वेळी इन्स्टॉलेशनवाला आला की चहा द्या, पण तो कागद घेतल्याशिवाय सही करू नका.