दुधनीकरांनो, ओझं लादण्याआधी चाकाचे आरे वाजवून बघा

दुधनी आणि आसपासच्या खेड्यांतल्या दुचाकीवाल्यांना कळकळीची विनंती आहे. बाजार समितीत तुरीची पोती घेऊन येणारे, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून निघणारे, मैंदर्गीमार्गे अक्कलकोटला रोज ये-जा करणारे, सायकलवर शाळेत जाणारी मुलं, सगळ्यांनाच. तुमच्या गाडीला आऱ्यांची चाकं असतील, तर ती आजच तपासा. पुढची खेप भरण्याआधी तपासा.

घाई का, ते सांगतो. चाकाचा प्रत्येक आरा ताणलेला असतो. चाक फिरताना जो आरा खाली, जमिनीकडे येतो, त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना पुन्हा वाढतो. ताण पुरेसा असेल तर आरा हे वर्षानुवर्षं सोसतो. ढिला आरा मात्र प्रत्येक फेऱ्याला पूर्ण सैल पडतो, हबमधल्या वाकणाशी हलत राहतो आणि नेमका तिथेच तुटतो. त्याचा भार शेजारच्यांवर जातो, मग तेही जातात. शिवाय या चाकांत ट्यूब असते. तुटक्या आऱ्याचं टोक आत घुसलं तर हवा एकदम जाते, आणि मागे कॅन असताना भरधाव गाडी सावरता येत नाही.

तपासणीला पैसा लागत नाही. इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा. पान्याच्या दांड्याने एकेक आरा हलकेच वाजवा. ताणलेला आरा खणखणतो, ढिला 'थप्प' असा मुका वाजतो. आवाजाची तुलना एकाच बाजूच्या आऱ्यांशी करा, कारण सायकलच्या मागच्या चाकात गिअरच्या किंवा फ्रीव्हीलच्या बाजूचे आरे मुळातच जास्त ताणलेले असतात.

मग फोर्कला एक काडी अशी बांधा, की तिचं टोक रिमच्या कडेपासून जेमतेम अंतरावर राहील, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. साखळीत बोटं जाणार नाहीत एवढं सांभाळा. फट कुठे वाढते, कुठे रिम काडीला घासते, ते दिसेल. मोटारसायकलला बाजूला किंवा वर-खाली मिळून साधारण २ मिमीच्या पुढे फरक गेला, की आऊट काढायलाच हवा. सायकलचं रिम ब्रेकच्या रबराला एका जागी घासत असेल, तर तोच इशारा समजा.

त्याआधी एक खात्री मात्र करा. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. खडखड आली तर दोष बेअरिंगचा आहे, आरे कसून तो जाणार नाही.

एक उदाहरण बघा. दूध वाहणाऱ्या गाडीचं मागचं चाक, ३६ आरे. वॉल्व्हजवळ रिम साखळीच्या म्हणजे डाव्या बाजूला ३ मिमी सरकलेलं. तिथले उजवीकडे जाणारे दोन आरे मुके वाजत होते. उजवे आरे रिमला उजवीकडे ओढतात, म्हणून ते दोन पाव-पाव फेरा कसायचे, समोरचे डावे तेवढेच सैल करायचे आणि दर वेळी चाक फिरवून बघायचं. एकदम पूर्ण फेरा मारला की रिम पलीकडे जातं आणि दुसरीकडे बाक येतो. निपल गंजला असेल तर आधी तेल सोडून थांबा, नाहीतर आराच पिळवटून तुटतो. असं करत फरक १ मिमीच्या आत आला. पण काम तिथे संपलं नाही. टायर उतरवून आऱ्यांची टोकं निपलच्या बाहेर आली आहेत का पाहिलं, एक कानशीने घासलं, रिमची पट्टी बदलली. हे न करता कसलेलं चाक आतून ट्यूब फाडतं, म्हणून कारागिराला ते आवर्जून विचारा.

खड्ड्यात आदळून रिमच दबलं असेल, किंवा निपलच्या भोकाशी चीर दिसत असेल, तर आरे ओढून ते सरळ करू नका. वरून सरळ दिसेल, पण ताण असमान राहील आणि आरे पुन्हा तुटतील. तिथे रिमच बदलायचं.

तुटलेला आरा शेजारच्याला तारेने बांधून खेपा मारायची आपल्याकडे सवय आहे. ती कृपा करून सोडा. एक तुटला असेल तर ओझं उतरवून सावकाश दुकान गाठा. शेजारचे दोन तुटले असतील तर गाडी चालवूच नका, ढकलत किंवा टेम्पोत घालून न्या. नवा आरा त्याच लांबीचा आणि जाडीचा घाला. चाक नव्याने बांधलं असेल तर काही दिवसांनी पुन्हा दाखवा, कारण नवे आरे बसताना थोडे सैल होतात.