सहावा कप

वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही थोरल्या आपांच्या घरी मिरजेलाच होतो. मंडपवाले भांडी मोजून नेत होते आणि आपा फोन हातात धरून खाटेवर बसल्या होत्या. धाकट्या मुलाची नवी दुल्हन घरात येऊन दोन दिवस झाले होते. खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे फोटो मागत होते. "तू शाळेत पोरांना निबंध शिकवतेस ना? मग फोटोखाली चार ओळी लिहून दे. सासूने लिहिल्यासारख्या," आपा म्हणाल्या.

काम सोपे वाटले. पण चार ओळींना दुपारची असर झाली.

पहिला मजकूर आपांनीच तयार ठेवला होता. कुठल्याशा शादीच्या कार्डावरून उतरवलेला, भारी उर्दू शब्दांचा. चाँदसारखी बहू आली, घराला रौनक आली, अशा अर्थाचा. वाचायला गोड होता. आम्ही विचारले, "आपा, हे थोरली सून वाचेल तेव्हा तिला काय वाटेल?" आपा गप्प झाल्या. थोरलीला या घरात सहा वर्षे झाली. दुल्हाभाईंना पक्षाघात झाला तेव्हा त्यांची कूस बदलण्यापासून चमच्याने पेज भरवण्यापर्यंत सारे तिने केले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला, तोवर ती एकदाही चार दिवसांच्या वर माहेरी राहिली नाही. घराला रौनक परवा आली असेल, तर ही सहा वर्षे घरात काय होते? नवीचे स्वागत करताना जुनीच्या वाट्याचे काही काढून घेतले जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. ती ओळ आपांनी स्वतःच पुसली.

दुसरा मजकूर आम्ही सुचवला आणि चुकलो. "सून नव्हे, आजपासून आमची मुलगीच." हे वाक्य आपल्याकडे इतके चालते की त्यात काही खोट असेल असे वाटत नाही. पण आपा मिश्कीलपणे म्हणाल्या, "आपली सांगलीला दिलेली लेक माहेरी आली की नऊ वाजेपर्यंत झोपते. मी हाक मारली तर पांघरूण ओढून घेते. ही नऊपर्यंत झोपली तर मी काहीच बोलणार नाही, असं तू लिहून देतेस का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. लिहिलेले निभवायचे असते. जे निभणार नाही ते लिहू नये.

त्या वाक्यात दुसरी अडचणही होती. ग्रुपमध्ये आता सोलापूरचे समधी आणि समधन यांनाही घेतले होते. त्या माउलीने दोनच दिवसांपूर्वी लेकीची रुखसती केली. तिच्या रिकाम्या घरात फोन वाजणार आणि त्यावर दिसणार, 'आजपासून आमची मुलगी'. मग ती त्यांची कोण? मुलगी दिली म्हणजे आईबापांचा तिच्यावरचा हक्क संपला, असे आपल्या दीनमध्ये नाही. निकाहनाम्यावर तिचे नाव तिच्या वडिलांच्या नावासह लिहिले जाते आणि निकाहनंतरही ते तसेच राहते. हजरत आयेशा (रजि.) शेवटपर्यंत अबूबकर यांच्या कन्या म्हणूनच ओळखल्या गेल्या, आणि हजरत हफ्सा (रजि.) उमर यांच्या. यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा?

नावावरून आपांना स्वतःचे आठवले. त्या या घरात आल्या तेव्हा सगळे त्यांना 'दुल्हन' म्हणत. पुढे मुलगा झाला तेव्हा त्या 'मुन्नाची अम्मी' झाल्या. "सासूबाई वाईट नव्हत्या. पण मला माझ्या नावाने हाक मारणारं या घरात कोणी नव्हतं. अब्बा भेटायला आले आणि दारातून नावाने हाक मारली, तेव्हा मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, सासुरवास आहे." हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत प्रथमच सांगितले. मग आमचे ठरले, मजकुरात तिचे नाव यायला हवे. 'नवी बहू' नको, 'अमक्याची बीवी'ही नको.

आता फोटोचा प्रश्न. स्टेजवरचे फोटो पुष्कळ होते. जड जरीचा दुपट्टा, मान खाली. आपांनी नव्या सुनेलाच बोलावले आणि विचारले, "बेटी, यातला कुठला टाकू?" ती जरा वेळ घुटमळली, मग हळूच म्हणाली, "अम्मी, चेहरा नको ना. सकाळचा आहे, तो टाका." तो फोटो थोरलीने काढला होता. दस्तरखानावर सहा कप, सोलापूरची कडक भाकरी आणि स्टीलच्या डब्यातली शेंगांची चटणी. ही चटणी तिच्या अम्मीने उखळात लसूण-तिखटासह, तेल सुटेपर्यंत कुटून पाठवली होती. फोटोत फक्त दोन हात दिसतात. एक मेंदीचा, भाकरी मोडणारा, आणि दुसरा नातवाचा, डब्यात बोट घालणारा.

विचारले नसते तर स्टेजवरचा फोटो गेला असता. ती काही बोलली नसती, पण या घरात आपल्याला न विचारता ठरते, हा तिचा पहिला धडा झाला असता.

शेवटी मजकूर असा झाला. सुनेचे नाव आम्ही येथे छापत नाही. तिने होकार खानदानाच्या ग्रुपपुरता दिला आहे, मासिकासाठी नाही. त्या जागी टिंबे दिली आहेत.

"परवापर्यंत सकाळच्या चहाला आमचे पाच कप लागत. आज सहा लागले. ...... सोलापूरहून आली आहे आणि येताना अम्मीच्या हातची शेंगांची चटणी घेऊन आली आहे. चहा थोरल्या सुनेने केला. नातवाने चटणी खाऊन पाणी पाणी केले. समधनबाई, डबा अर्धा संपला, लवकरच रिकामा घेऊन आम्ही सगळे येतो. ......, कुठली वस्तू कुठे ठेवलेली असते ते हळूहळू कळेल. नाही सापडली तर हाक मार, आणि तुला जागा पसंत नसेल तर बदल. सर्वांनी दुआ करा."

यात चाँद नाही, रौनक नाही. पण थोरली आहे, नातू आहे, सोलापूरची अम्मी आहे आणि नवी सून तिच्या नावासह आहे. आपांनी मजकूर पाठवण्याआधी दोन्ही सुनांना वाचून दाखवला. थोरली 'जागा बदल' या शब्दांवर हसली. म्हणाली, "अम्मी, मला तर मसाल्याचा डबा हलवायला चार वर्षं लागली." आपाही हसल्या, पण ती ओळ त्यांनी तशीच ठेवली.

रात्री सोलापूरहून उत्तर आले. समधनबाईंनी एवढेच लिहिले होते, "डबा रिकामा आणू नका, काहीतरी घालून आणा."

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. स्वयंपाकघरात चहाचे कप वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आले होते. नव्या सुनेची उंची कमी आहे. आपांचा हात सवयीने अजून वरच जातो, मग त्या स्वतःशीच पुटपुटत खाली वाकतात.