विश्लेषण : पॉवर बँकेच्या खोक्यावरील ‘ग्राफीन’ या शब्दाला अर्थ किती?

‘ग्राफीन तंत्रज्ञान’, ‘२० मिनिटांत फुल चार्ज’, ‘१५०० सायकल’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले खोके आता ऑनलाइन दुकानांत सहज दिसते. शेजारच्या साध्या पॉवर बँकेपेक्षा तिची किंमत बरीच अधिक असते. हा दावा पूर्णपणे खोटाच असतो असे नाही. बॅटरीत ग्राफीन वापरता येते आणि त्याचा उपयोगही होतो. पण तो कशासाठी होतो आणि कशासाठी होत नाही, हे खोके सांगत नाही. ते ओळखण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले आकडे आणि थोडा गुणाकार-भागाकार पुरतो.

ग्राफीन म्हणजे काय?

पेन्सिलीच्या शिशात असते ते ग्रॅफाइट. कार्बनच्या अणूंचे अतिपातळ पापुद्रे एकावर एक रचले की ग्रॅफाइट होते. त्यातला एकच सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे जवळपास ३० लाख पापुद्रे असतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये हा पापुद्रा वेगळा करून दाखवला आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ग्राफीन वीज आणि उष्णता दोन्ही उत्तम वाहून नेते. बॅटरी उद्योगाला त्याचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

आपल्या फोनच्या बॅटरीत ग्रॅफाइट आधीपासूनच असते. लिथियम-आयन सेलच्या ऋण बाजूला सहसा तेच असते आणि चार्जिंग करताना लिथियमचे आयन त्याच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात. थोडक्यात, ग्राफीनची चुलत बहीण प्रत्येकाच्या खिशात आहेच.

बॅटरीत ग्राफीन नेमके काय करते?

धन बाजूला ऊर्जा साठवणारी पूड विजेची फारशी चांगली वाहक नसते. म्हणून तिच्यात बारीक काजळीसारखा कार्बन मिसळतात. त्याचे प्रमाण साधारण एक ते तीन टक्के असते. त्याचे काम पुडीच्या कणाकणापर्यंत वीज पोहोचवण्याचे, म्हणजे गोदामात रस्ते आखून देण्याचे. ‘ग्राफीन बॅटरी’त बहुधा या काजळीचा काही भाग ग्राफीनने बदललेला असतो.

रस्ते सुधारले की माल लवकर चढतो-उतरतो. बॅटरीच्या भाषेत, अंतर्गत रोध कमी होतो, सेल कमी तापतो, वेगवान चार्जिंग त्याला अधिक मानवते आणि आयुष्यही वाढू शकते. हा खरा फायदा आहे. पण रस्ते सुधारल्याने गोदामाची जागा वाढत नाही. ऊर्जा साठते ती मूळ पुडीत आणि ग्रॅफाइटमध्ये. एक-दोन टक्के ग्राफीन घातल्याने ‘दुप्पट क्षमता’ मिळू शकत नाही.

वेगालाही मर्यादा आहे. ऋण बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये आयन शिरायला वेळ लागतो. त्याहून जास्त घाई केली तर लिथियम आत न जाता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. आयुष्य घटते आणि धोका वाढतो. धन बाजूला कितीही ग्राफीन घातले तरी ही अडचण सुटत नाही. उलट ग्राफीनचे सपाट पापुद्रे जास्त झाले तर आयनांना वळसा घालून जावे लागते. म्हणूनच ते कमी मात्रेतच वापरतात.

पिशवीत खरोखर ग्राफीन असते का?

आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार दहापर्यंत थर असतील तरच त्या पदार्थाला ग्राफीनच्या कुटुंबात धरतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी जगभरातील ६० उत्पादकांकडून ‘ग्राफीन’चे नमुने घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक नमुन्यांत खरे ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघाले आणि एकाही नमुन्यात ते निम्म्याहून अधिक नव्हते. बाकी सारे बारीक कुटलेले ग्रॅफाइट. म्हणजे सेल बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे ‘ग्राफीन’ विकत घेतले, तरी सेलमध्ये ग्राफीन गेलेच असे म्हणता येत नाही. ग्राहकाला तर ते तपासण्याचा मार्गच नाही.

आणखी एक शक्यता असते. ग्राफीन सेलच्या आत नसून उष्णता पसरवणाऱ्या फिल्मच्या रूपात बाहेर चिकटवलेले असते. तेही उपयोगी आहे, पण त्याला ‘ग्राफीन बॅटरी’ म्हणणे म्हणजे पंखा लावलेल्या खोलीला वातानुकूलित म्हणण्यासारखे आहे.

मोठ्या कंपन्यांचे दावे तरी भरवशाचे असतात का?

चीनमधील २०२१ चे उदाहरण बोलके आहे. जीएसी या मोटार कंपनीच्या आयन या ब्रँडने त्या जानेवारीत ग्राफीन बॅटरीचा गाजावाजा केला. आठ मिनिटांत ८० टक्के चार्जिंग आणि एक हजार किलोमीटरचा पल्ला, असे दोन आकडे लोकांसमोर एकत्र आले. त्यावर त्सिंगहुआ विद्यापीठातील बॅटरीतज्ज्ञ ओयांग मिंगगाओ यांनी एका परिषदेत जाहीरपणे सुनावले की, हजार किलोमीटर पल्ला, काही मिनिटांत चार्जिंग, सुरक्षितता आणि स्वस्ताई हे सारे एकाच वेळी आज शक्य नाही. त्यानंतर कंपनीने खुलासा केला : वेगवान चार्जिंगची ग्राफीन बॅटरी वेगळी आणि लांब पल्ल्याची, सिलिकॉन वापरलेली बॅटरी वेगळी.

म्हणजे दोन वेगवेगळ्या वस्तूंचे सर्वोत्तम आकडे वाचणाऱ्याच्या मनात एकत्र बसले होते. पॉवर बँकेच्या खोक्यावरही हेच घडू शकते. क्षमतेचा आकडा एका परिस्थितीतला, वेगाचा दुसऱ्या आणि आयुष्याचा तिसऱ्या. आणि ग्राफीन हा शब्द त्यांना बांधणारी दोरी.

‘चमत्कारी पूड’ ही नवी गोष्ट आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘एडी-एक्स२’ नावाची पूड विकली जाऊ लागली. मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत ती टाकली की मेलेली बॅटरी जिवंत होते, असा दावा होता. प्रत्यक्षात ती मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे साधे क्षार होते. ‘नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’ने ती निरुपयोगी ठरवली. विक्रेत्याने राजकीय दबाव आणला आणि १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन अ‍ॅस्टिन यांना पद सोडण्यास सांगण्यात आले. वैज्ञानिकांच्या संतापानंतर त्यांना परत घ्यावे लागले. नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनेही त्यांच्याच बाजूने निर्णय दिला.

गंमत अशी की, ‘आम्हाला गुण आला’ म्हणणारे ग्राहक खोटे बोलत नव्हते. पूड टाकल्यावर बॅटरी सावकाश, बराच वेळ चार्ज करा, अशी सूचना होती आणि अशा चार्जिंगने थकलेली बॅटरी बऱ्याचदा आपोआप थोडी सुधारते. फरक कळतो तो एकाच घाणीच्या बॅटऱ्या घेऊन, निम्म्यांत पूड टाकून आणि बाकी सगळे समान ठेवून. ग्राफीनच्या दाव्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा : ‘कशाच्या तुलनेत?’ खोक्यावर ‘तीन पट टिकाऊ’ असेल आणि कशाच्या तीन पट हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा वाचलाच नाही असे समजावे.

मग दावा पडताळायचा कसा?

समजा खोक्यावर लिहिले आहे : १०,००० एमएएच, ग्राफीन, २० मिनिटांत फुल. आता मागची बारीक अक्षरे वाचू. तिथे इनपुट ‘९ व्होल्ट, २ अँपिअर’ दिलेला आहे.

आधी ऊर्जा काढू. सेलचा व्होल्टेज ३.७ असतो. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास. त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॅट-तास. विमान प्रवासाच्या नियमांमुळे हा आकडा बहुधा छापलेलाच असतो. आता वेग. ९ गुणिले २ म्हणजे १८ वॅट. यापेक्षा जास्त वीज ही पॉवर बँक आत घेऊच शकत नाही. ३७ भागिले १८ म्हणजे दोन तासांहून थोडे अधिक. गळती आणि शेवटचा मंद टप्पा धरला तर अडीच तास. २० मिनिटांत ३७ वॅट-तास भरायचे तर १११ वॅट लागतील. १८ वॅटने त्या वेळात जेमतेम १६ टक्के भरेल. आत ग्राफीन असो वा नसो, दावा याच खोक्याने खोडून काढला आहे.

दुसरी कसोटी वजनाची. आजचे चांगले लिथियम सेल किलोमागे सुमारे २५० वॅट-तास ऊर्जा साठवतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. त्यासाठी नुसते सेलच ३०० ग्रॅमच्या आसपास हवेत. पूर्ण पॉवर बँक २०० ग्रॅमची असेल, तर क्षमतेचा आकडा खरा नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो.

तिसरी कसोटी आयुष्याची. ‘१५०० सायकल’ म्हणजे त्यानंतर मूळ क्षमतेच्या किती टक्के उरेल? ८० की ६०? कोणत्या तापमानाला, किती वेगाने चार्ज करून? हे न सांगितलेला आकडा अर्धवट आहे. शिवाय आठवड्यातून दोनदा चार्ज केली तर वर्षाला सुमारे शंभर सायकल होतात. १५०० पूर्ण व्हायला १५ वर्षे. लिथियम सेल वापर नसतानाही वयाने झिजतो, त्यामुळे एवढी मुदत तो बहुधा गाठणारच नाही. ज्या फायद्याची वेळच येणार नाही, त्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

विकत घेतल्यानंतर यूएसबी मीटर लावून पूर्ण भरलेली पॉवर बँक एकदा रिकामी करून पाहता येते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून पाच व्होल्टला सहा ते साडेसहा हजार एमएएच मिळाले, तर ती प्रामाणिक आहे. उरलेले व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातात. तीन-चार हजारच मिळाले, तर सेलच कमी आहेत.

बीआयएसची खूण पुरेशी नाही का?

ती असायलाच हवी. ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. पण ही नोंदणी सुरक्षिततेची आहे. आत ग्राफीन आहे किंवा बॅटरी १५०० सायकल टिकेल, याची ती हमी नाही. दिशाभूल झाली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ‘ग्राफीन नव्हते’ हे सिद्ध करत बसण्यापेक्षा ‘२० मिनिटांचा दावा आणि १८ वॅटचा इनपुट’ अशी दोन छायाचित्रे जोडावीत. ती तक्रार खोडणे विक्रेत्याला अवघड जाते.

ग्राफीनचा प्रामाणिक दावा साधा असतो : ‘हाच सेल, ग्राफीनशिवाय इतक्या मिनिटांत, ग्राफीनसह इतक्या मिनिटांत, इतक्या तापमानाला इतक्या सायकलींनंतर इतके टक्के शिल्लक.’ असे लिहिलेले खोके दिसले, तर जादा पैसे देण्याचा विचार जरूर करावा. नुसता शब्द छापलेला असेल, तर शेजारच्या साध्या पॉवर बँकेचे वॅट, वजन आणि वॉरंटी पाहावी आणि तीच घ्यावी.