फोटो नको, प्लॅन दाखवा!

गावाकडच्या प्लॉटवर आईबाबांसाठी घर बांधायचं चाललंय? किंवा मित्रांबरोबर स्वत:चं छोटंसं ऑफिस थाटताय? मग एखाद्या आर्किटेक्टच्या स्टुडिओत जाणं आलंच. तिथे कॉफीबरोबर हातात पडतं ते स्टुडिओचं प्रोफाइल. गुळगुळीत कागद, संध्याकाळच्या उजेडातले झक्कास फोटो आणि पहिल्या पानावर 'आमचा डिझाइन अ‍ॅप्रोच'. तो वाचून आपण मान डोलावतो, पण खरं सांगा, कळलेलं फारसं काही नसतं.

मग अ‍ॅप्रोच म्हणजे नेमकं काय? सोपं करून बघू. चार्ल्स कोरिया हे नाव ऐकलं असेलच. २०१५ मध्ये गेलेल्या या मुंबईकर आर्किटेक्टचा अ‍ॅप्रोच एका ओळीत मावतो : आपल्या हवेत माणसाला चार भिंतींइतकीच उघड्या आभाळाखालची जागा लागते. ही ओळ कुठलाही स्टुडिओ छापू शकतो. ती खरी आहे का, हे बिल्डिंगमध्ये दिसलं पाहिजे.

कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' बघा. १९८३ मध्ये पूर्ण झालेला हा टॉवर. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रही तिकडेच दिसतो. म्हणून खिडक्या पश्चिमेला हव्यात. पण दुपारचं ऊन आणि जुलैतला झोडपणारा पाऊसही तिकडूनच येतो! जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता तो भोवती व्हरांड्याचा. कोकणातल्या घराची पडवी आठवा, तेच. कोरियांनी ही पडवी टॉवरमध्ये चढवली. फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची कोरून काढली. ऊन-पाऊस गच्चीवर अडतो, खोल्या आत सुरक्षित राहतात आणि वारा मात्र आरपार जातो. बाहेरून दिसणारे ते मोठे चौकोनी खळगे नुसती स्टाइल नाहीत, ते पश्चिमेला दिलेलं उत्तर आहे.

आता प्रोफाइलमधला दुसरा शब्द, 'बिल्डिंग टाइप्स'. रेसिडेन्शियल, इन्स्टिट्यूशनल, कमर्शियल अशी यादी असते आणि आपण ती मेन्यू कार्डासारखी वाचतो. पण टाइप बदलला की राहणारं माणूस, बजेट आणि देखभाल, सगळंच बदलतं. साबरमती आश्रमातलं १९६३ चं गांधी स्मारक संग्रहालय कोरियांचंच. तिथे ती 'उघडी जागा' लहान लहान कौलारू खोल्यांमधल्या चौकात येते. नव्या मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपासून पुढच्या गटांपर्यंत सगळ्यांसाठी बैठी घरं केली, तेव्हा सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण आलं. भिंतीला भिंत लागू दिली नाही, कारण पैसे आले की प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. विचार एकच, रूपं तीन. असं सूत्र दिसलं की समजायचं, अ‍ॅप्रोच खरा आहे.

आणि मर्यादा? त्याही आहेतच. कांचनजंगाची गच्ची श्रीमंतांना परवडते. आपल्या टू बीएचकेत तेवढी जागा मिळाली, तर पहिल्या दिवाळीआधीच आपण बाल्कनी आत घेतो! बेलापूरलाही बऱ्याच मूळ घरांच्या जागी आता मोठी घरं उभी राहिलीत. घर वाढायलाच हवं होतं, पण काही ठिकाणी मोकळी जागाही त्यात गेली. म्हणून फोटो बिल्डिंगच्या वाढदिवसाचा असतो, हे लक्षात ठेवा. तिचं वय त्यात दिसत नाही.

तर पुढच्या मीटिंगला तीन गोष्टी विचारा. एक, फोटोऐवजी प्लॅन मागा आणि त्यावरचा उत्तर दिशेचा बाण शोधा. पश्चिमेला काय ठेवलंय आणि का, हे साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. दोन, आठ-दहा वर्षं जुनं एखादं काम दाखवाल का, शक्यतो पावसाळ्यात? ओल कुठे आली आणि लोकांनी काय बंद करून टाकलं, हे तिथेच कळतं. तीन, या कामात तुमचा वाटा किती? नुसती कन्सेप्ट, की वर्किंग ड्रॉइंग आणि साइटवरची देखरेखही? फोटो छान असला, तरी काम दुसऱ्या फर्ममध्ये नोकरीत असताना केलेलं असू शकतं. कॉम्प्युटरवर रंगवलेलं चित्र आणि बांधून झालेली इमारत यातला फरकही विचारून घ्या. आणि हो, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर बघाच. १९७२ च्या कायद्यानुसार त्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही.

या प्रश्नांनी चांगला आर्किटेक्ट वैतागत नाही. उलट पेन्सिल घेतो आणि तुमच्या समोरच कागदावर पश्चिम काढायला लागतो.